दोनशे चौदा जणांना एकच निरोप

शनिवारी रात्री नऊ वाजून बारा मिनिटांनी मी आमच्या टेलिग्राम ग्रुपवर टाकलं होतं: "उद्याची भौतिकशास्त्राची टेस्ट ८ ऐवजी ९:३० ला." रविवारी सकाळी आठला क्लासच्या बंद दारासमोर चौदा मुलं उभी होती. एका मुलीला तिचे बाबा सोडायला आले होते. ते काही बोलले नाहीत, नुसता मुलीचा फोन माझ्यासमोर धरला. ग्रुपच्या नावापुढे न वाचलेल्या मेसेजचा आकडा होता १६३, आणि शेजारी घंटेवर काट मारल्याचं चिन्ह. म्हणजे ग्रुप म्यूट.

मी तिथेच उभ्याउभ्या वर सरकवत गेले. माझ्या सूचनेखाली आधी "ओके मॅम", "ओके", "येस मॅम" अशी पंचवीसेक उत्तरं. मग "सिलॅबस तोच ना?", त्यावर तिघांची तीन वेगळी उत्तरं. मग नाचणाऱ्या मांजराचं स्टिकर, त्याला प्रत्युत्तर म्हणून दुसरं मांजर. रात्री साडेदहाला कुणीतरी विचारलेलं, "टेस्ट किती वाजता आहे नक्की?" आणि दुसऱ्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलेलं, "८ लाच आहे भावा." चौदातली निम्मी तरी त्या भावाच्या भरवशावर आली होती.

मी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते, आणि मला टाइप करायला आवडतं या एकमेव पात्रतेवर सूचनांचं कामही माझ्याकडेच आहे. अकरावी-बारावीच्या तीन बॅच मिळून ११८ मुलं, त्यात बऱ्याच जणांचे पालक; ग्रुपमध्ये एकूण २१४ माणसं होती. ग्रुप काढला तेव्हा ग्रुप की चॅनल असा प्रश्न कुणाच्या मनातसुद्धा आला नव्हता. क्लास चालवणारे आमचे सर म्हणाले होते, "एक ग्रुप काढा ना मॅडम, दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटांचंच होतं ते. निस्तरायला पुढचे चार महिने गेले.

पहिला उपाय सोपा वाटला. ग्रुपच्या सेटिंगमध्ये `Permissions` असतं, तिथे सदस्यांची मेसेज पाठवायची परवानगी बंद केली. आता फक्त अॅडमिन लिहिणार, म्हणजे सर, मी आणि ऑफिसमधल्या ताई. ग्रुप एका रात्रीत शांत झाला. मांजरं गेली, भाऊ गप्प झाला. मला वाटलं, झालं की चॅनल तयार. टेलिग्रामचं चॅनल म्हणजे तरी वेगळं काय, एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. लिहायची परवानगी काढलेला ग्रुप आणि चॅनल हे दुरून जुळ्या भावंडांसारखे दिसतात हे खरंच. पण फरक कुठे आहे ते आम्हाला एका पालकांच्या फोनमुळे कळलं.

ते विचारत होते, "सरांनी फीचा दुसरा हप्ता आत्ताच मागितलाय का? एरवी पुढच्या महिन्यात असतो." सरांनी काहीच मागितलं नव्हतं. कुणीतरी सरांचं नाव आणि ग्रुपवरचाच त्यांचा फोटो लावून नवं खातं उघडलं होतं आणि पालकांना एकेकट्याने मेसेज करत होतं. पालकांची यादी त्याला मिळाली कुठून? ग्रुपमधूनच. लिहायची परवानगी बंद केली तरी ग्रुपची सदस्ययादी सगळ्यांना दिसत राहते. नाव, फोटो, आणि त्या नावावर बोट ठेवलं की थेट मेसेज पाठवायची सोय. फोन नंबर बहुतेकांचे दिसत नव्हते, कारण टेलिग्राममध्ये नंबर कुणाला दिसावा हे ज्याचं त्याला ठरवता येतं. पण फसवणाऱ्याला नंबर लागतच नाही, नुसतं खातं सापडलं की पुरे. आमच्या ग्रुपची लिंक मुलांनी मित्रांना, मित्रांनी आणखी कुणाला दिली होती, त्यामुळे २१४ पैकी सगळे आपलेच आहेत की नाहीत हेही मी छातीठोकपणे सांगू शकले नसते.

पैसे कुणाचे गेले नाहीत, त्या पालकांनी वेळीच फोन केला म्हणून. पण त्याच आठवड्यात एका मुलीने ताईंना हळूच सांगितलं की ग्रुपमधून नाव काढून कुणीतरी अनोळखी मुलगा तिला रोज रात्री मेसेज करतोय. तिने ब्लॉक केलं होतं, घरी सांगितलं नव्हतं. मला ते फीच्या भानगडीपेक्षा जास्त लागलं. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांची नावं-फोटो आपण एका ताटात मांडून ठेवले होते, आणि तेही कशासाठी, तर टेस्टची वेळ सांगायला.

शोधल्यावर सापडलं की शंभरापेक्षा जास्त सदस्य असलेल्या ग्रुपमध्ये `Hide Members` असा पर्याय असतो. तो चालू केला की यादीत फक्त अॅडमिन दिसतात. तो चालू केला. आणखी एक गोष्ट लक्षात आली: मध्येच प्रवेश घेतलेल्या मुलांना ग्रुपमधले जुने मेसेज दिसतच नव्हते, कारण `Chat History for New Members` हे लपवलेलं होतं. तेही उघडलं. आता लिहिणं बंद, यादी लपलेली, इतिहास उघडा. ग्रुपला चॅनलचे कपडे घालून झाले, आता काय राहिलं?

राहिले होते आमचे सर.

एका शनिवारी त्यांना मुलांच्या शंका घ्यायच्या होत्या. त्यांनी दुपारी परवानगी उघडली, तासभर छान प्रश्नोत्तरं झाली, आणि ते ती बंद करायला विसरले. रात्री अकराला परत सगळं सुरू. ज्या मुलांनी ग्रुप शांत झाला म्हणून म्यूट काढलं होतं, त्यांनी पुन्हा म्यूट केलं, आणि यावेळी कायमचं. शिवाय जे जे लिहीत होते त्यांची नावं मेसेजसोबत दिसणारच. यादी लपवून उपयोग काय?

सर मनापासून ओशाळले होते, पण मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. मीही एखाद दिवशी हेच केलं असतं. ग्रुपला कुलूप आहे आणि किल्ली तिघांच्या हातात. कधी ना कधी कुणीतरी उघडं ठेवणारच. चॅनलला दारच नाही. सदस्यांना लिहू देणारी अशी कळ चॅनलमध्ये नसते, त्यामुळे ती चुकून दाबली जायचीही भीती नाही. सदस्यांची यादी अॅडमिनशिवाय कुणाला दिसत नाही, आणि ती कुणी उघडीही करू शकत नाही. नवा आलेला पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या सूचना वाचू शकतो. आणि "अमुक अमुक ग्रुपमध्ये आला" अशा ओळी मध्येमध्ये येत नाहीत, ज्या आमच्याकडे प्रवेशाच्या दिवसांत सूचनांपेक्षा जास्त असायच्या. त्या रात्री मी ठरवलं, सूचनांसाठी चॅनलच.

सरांचा पहिला प्रश्न होता, "मग ग्रुपलाच चॅनल करून टाका." होत नाही. ग्रुप तो ग्रुप, चॅनल ते चॅनल. एकाचं दुसरं करायची सोय नाही. नवं चॅनल काढायचं आणि २१४ माणसांना इकडून तिकडे न्यायचं. ओळखीतल्या लोकांना आपण होऊन चॅनलमध्ये घालता येतं, पण ते पहिल्या दोनशेपर्यंतच, आणि तेही त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये असेल आणि त्यांनी स्वतःला असं कुणी घालू नये अशी सेटिंग ठेवलेली नसेल तर. म्हणून लिंकच द्यायची.

मी चॅनल खाजगी ठेवलं. सार्वजनिक केलं असतं तर लक्षात राहील असा छोटा पत्ता मिळाला असता, पण मग कुणीही शोधून आत आलं असतं, आणि सभासद न होताही सगळं वाचता आलं असतं. खाजगी चॅनलची लिंक `t.me/+` ने सुरू होते आणि पुढे अक्षरांची खिचडी असते. ज्याच्याकडे ती आहे तोच येतो. एका चॅनलच्या हव्या तितक्या लिंक काढता येतात आणि प्रत्येकीला नाव देता येतं, ते नाव फक्त अॅडमिनला दिसतं. मी चार काढल्या: तीन बॅचच्या तीन आणि पालकांची एक. कोणत्या लिंकवरून कोण आलं ते पाहता येतं, त्यामुळे कुठल्या बॅचची किती मुलं मागे राहिलीत ते मला रोज संध्याकाळी कळायचं.

इथे मी जरा जास्तच शहाणपणा केला. प्रत्येक लिंकवर अॅडमिनची परवानगी लागेल अशी अट घातली, म्हणजे येणाऱ्याने आधी विनंती करायची आणि मी एकेकाला आत घ्यायचं. पहिल्याच रात्री ऐंशी विनंत्या. त्यातल्या कित्येकांची नावं अशी, की ती बघून हजेरी घेणाऱ्या माणसाला वेड लागावं. एकाचं नाव म्हणजे नुसता एक टिंब. एकाचं नाव तीन तारे. एक होता "तुमचा बाप". तो आपला विद्यार्थी आहे की नाही हे मी कसं ठरवणार? ताई म्हणाल्या, "मॅडम, वर्गात उभं करून विचारा ना, तुमचा बाप कोण ते." दोन रात्री ते केल्यावर मी अट काढून टाकली. त्याऐवजी लिंकची मुदत एक आठवडा ठेवली, आणि मुदत संपल्यावर नव्या लिंक फक्त ऑफिसमध्ये, प्रवेश घेताना. तुमचा बाप कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो अजून चॅनलमध्ये आहे आणि माझा संशय दुसऱ्या बाकावरच्या एका अतिशय सालस मुलावर आहे.

जुन्या ग्रुपमध्ये लिंकचा मेसेज टाकून मी तो पिन केला, आणि पिन करताना सगळ्यांना कळवायचा पर्याय निवडला. ग्रुपमध्ये ही एक ताकद आहे: ज्यांनी ग्रुप म्यूट केलाय त्यांच्याही फोनवर अशा पिन केलेल्या मेसेजची सूचना पोचते. वर्षभर रोज वापरली तर लोक ग्रुपच सोडतील, पण वर्षातून एकदा वापरायला ती सोन्यासारखी आहे. पहिल्या दोन दिवसांत दीडशे लोक आले ते त्या एका पिनमुळे.

पण त्याआधी करायचं एक काम मी नंतर केलं, आणि त्याची शिक्षा सगळ्यांना झाली. जुन्या ग्रुपमध्ये वर्षभराच्या नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, ४३ पीडीएफ. लोक चॅनलमध्ये येऊन स्थिरावल्यावर एका संध्याकाळी मी त्या सगळ्या तिकडे फॉरवर्ड केल्या. दीडशे फोनवर ४३ वेळा टुंग. एका पालकांनी ऑफिसात फोन करून विचारलं, क्लासमध्ये काही आग वगैरे लागलीय का. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तर बऱ्याच मुलांनी नवं कोरं चॅनल म्यूट केलेलं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच मी एका संध्याकाळी घालवून बसले होते. नव्या माणसाला चॅनलचा सगळा इतिहास दिसतोच, तेव्हा नोट्स रिकाम्या चॅनलमध्ये आधी भरून मग लिंक द्यायची, इतकं साधं होतं ते.

तेव्हापासून आम्ही आवाजाचे नियम केले. पाठवायचं बटण दाबून धरलं की `Send Without Sound` येतं. मेसेज जातो, पण समोरचा फोन वाजत नाही. नोट्स, उत्तरपत्रिका, निकालाची यादी, अभिनंदन, हे सगळं बिनआवाजी. आवाज फक्त वेळ, जागा किंवा दिवस बदलला तरच. महिन्याभरात मुलांना कळलं की चॅनल वाजलं म्हणजे खरंच काहीतरी आहे, आणि मी वर्गात दोन-तीनदा सांगितल्यावर बऱ्याच जणांनी म्यूट काढलं. त्याच बटणाखाली मेसेज ठरावीक वेळेला जाईल असं लावून ठेवायचीही सोय आहे. टेस्टच्या आदल्या संध्याकाळी सातची आठवण मी आता सोमवारीच लावून ठेवते.

एवढं झाल्यावरही एक रविवार बिघडलाच, आणि तो बिघडवला मी.

टेस्ट आठला असल्याचं मी गुरुवारी चॅनलवर टाकलं होतं. शनिवारी सरांनी ती सातला घ्यायची ठरवली. मी नीटनेटकेपणाच्या हौसेने जुनी पोस्ट उघडली, ८ चा ७ केला, जतन केलं. चॅनल कसं स्वच्छ, एका टेस्टची एकच पोस्ट. रविवारी सात वाजता वर्ग अर्धा रिकामा. सव्वासातपासून आठपर्यंत मुलं धापा टाकत येत राहिली.

पोस्ट दुरुस्त केली की तिच्या कोपऱ्यात `edited` असं बारीक उमटतं, आणि बस. फोन वाजत नाही, न वाचलेल्यांचा आकडा वाढत नाही, चॅनल यादीत वर येत नाही. ज्याने गुरुवारी वाचलं त्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही. त्याहून वाईट म्हणजे मुलांनी गुरुवारची पोस्ट आपापल्या घरच्यांना, मित्रांच्या छोट्या ग्रुपवर फॉरवर्ड केलेली होती, आणि फॉरवर्ड झालेली प्रत मूळ पोस्ट बदलली तरी बदलत नाही. तिथे ८ चे ८ च राहिले. एका मुलाने मला ती प्रत दाखवली, वर आमच्या चॅनलचं नाव, खाली ठळक ८. मला म्हणाला, "मॅम, हे तुम्हीच लिहिलंय ना?" मीच लिहिलं होतं.

आता आमच्याकडे दुरुस्ती फक्त शुद्धलेखनाची होते. वेळ बदलली की जुन्या पोस्टला उत्तर म्हणून नवी पोस्ट, आवाजासकट, आणि पहिल्याच ओळीत "बदल:". मग जुन्या पोस्टमध्ये वर "रद्द, खालची पाहा" एवढं लिहायचं, म्हणजे जो उशिरा येऊन वरून वाचेल त्याचाही घोटाळा नको. पोस्टवर तारीख आणि वार दोन्ही लिहायचे; नुसतं "उद्या" लिहिलेली पोस्ट फॉरवर्ड होत होत परवा पोचते.

मग उत्तरांचा प्रश्न आला. सूचना गेली, पण कुणाकुणाला पोचली? चॅनलच्या प्रत्येक पोस्टखाली डोळ्याचं चिन्ह आणि आकडा असतो, इतक्या वेळा पाहिली म्हणून. सर त्या आकड्यावर खूष होते. एकदा म्हणाले, "बघा मॅडम, २३१ जणांनी वाचलं." चॅनलमध्ये तेव्हा १९७ माणसं होती. पोस्ट जिथे जिथे फॉरवर्ड होते तिथले वाचकही त्याच आकड्यात धरले जातात, म्हणून तो सभासदांपेक्षा वर जाऊ शकतो. आणि कुणी वाचलं ते तर कळतच नाही. टेस्ट चुकवलेल्या मुलाला "तू पाहिलं होतंस" असं त्या डोळ्याच्या जोरावर म्हणता येत नाही. नवी पोस्ट तासाभरात साधारण किती चढते याची सवय झाली की, एखाद दिवशी ती फारच खाली राहिली तर काहीतरी चुकलंय हे ओळखू येतं. आम्ही तो आकडा एवढ्यापुरताच पाहतो.

शनिवारच्या जादा तासाला कोण कोण येणार हे विचारायला मी चॅनलवर पोल टाकला. ६४ जण "येणार". कोण ६४? चॅनलवरचा पोल निनावीच असतो, नावं दिसतील असा पोल तिथे टाकता येत नाही. आले ३८. जागा साठांची लावलेली.

इथे ग्रुपची गरज पुन्हा उभी राहिली. पण यावेळी दोनशे चौदा जणांचा एक गठ्ठा न करता प्रत्येक बॅचचा वेगळा ग्रुप केला, चाळीसच्या आसपास मुलं, पालक नाहीत, लिंक नाही. वर्गात समोर बसवून एकेकाला मीच आत घेतलं. ही मुलं एकमेकांना वर्गात रोज पाहतात, त्यामुळे यादी दिसण्याचा प्रश्न तेवढा उरत नाही. पोल तिथे टाकते, नावांसकट. आणि शंभरापेक्षा कमी माणसांच्या ग्रुपमध्ये आणखी एक सोय असते जी आमच्या जुन्या ग्रुपला कधी मिळालीच नाही: आपण टाकलेल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की तो कुणी कुणी पाहिला त्यांची नावं दिसतात, सात दिवसांपर्यंत. फार महत्त्वाचा बदल असेल तेव्हा चॅनलवरची पोस्ट मी तिन्ही ग्रुपमध्ये फॉरवर्ड करते आणि रात्री दहाला पाहते की कोण राहिलं. चार-पाच नावं असतात, त्यांना फोन.

गप्पा त्या ग्रुपमध्ये होतातच, मांजरंही परतलीत. परीक्षेच्या आठवड्यात मी `Slow Mode` पाच मिनिटांवर ठेवते, म्हणजे एका मेसेजनंतर पाच मिनिटं थांबावं लागतं. मुलं मग सगळं एकाच मेसेजमध्ये लिहायला शिकतात, हा एक वेगळाच फायदा.

मधल्या काळात सरांना कुणीतरी सांगितलं की चॅनलला ग्रुप जोडता येतो, मग प्रत्येक पोस्टखाली प्रतिक्रिया लिहायची जागा येते. दोन्हीचे फायदे एकत्र! तीन आठवडे केलं. चॅनलची प्रत्येक पोस्ट जोडलेल्या ग्रुपमध्ये आपोआप जाऊन पिन व्हायची, त्यामुळे तीच सूचना दोनदा दिसायची. आणि सूचनेखालीच लोक लिहू लागल्यावर मूळ दुखणं पुन्हा आलं. "टेस्ट ७ ला" या पोस्टखाली कुणीतरी लिहिलं, "ऐकलंय की कॅन्सल होणार आहे." शिवाय जोडलेल्या ग्रुपचे सदस्य नसलेलेही तिथे लिहू शकतात, आपण वेगळी अट घातली नाही तर. शंका विचारायला, चर्चा करायला ही रचना चांगली असेल. ज्या पोस्टवर चर्चा व्हायलाच नको तिच्यासाठी ती नको. जोड काढून टाकली. प्रश्न असेल तर पोस्टच्या शेवटी ऑफिसचा नंबर असतो, बस.

एक काम राहिलंय. चॅनल मी माझ्या स्वतःच्या खात्यावरून काढलं, म्हणून त्याची मालक मी. सर आणि ताई अॅडमिन आहेत, पण मी उद्या क्लास सोडला किंवा माझं खातं गेलं तर मूळ मालकी माझ्याबरोबर जाते. ती क्लासच्या नंबरवरच्या खात्याला द्यायची ठरवली, तर त्यासाठी माझ्या खात्यावर दोन पायऱ्यांचा पासवर्ड हवा आणि तो लावून सात दिवस झालेले हवेत. पासवर्ड मी मंगळवारी लावला.

परवा मोजलं: चॅनलमध्ये २०३. ज्यांची नावं वहीत आहेत पण चॅनलमध्ये नाहीत असे अकरा पालक उरलेत. त्यातल्या दोघांकडे साधा फोन आहे आणि एक आजोबा म्हणतात, मला टुंगटुंग नको, ताईंनाच सांगा फोन करायला. ताई दर शनिवारी संध्याकाळी अकरा फोन करतात.